राजीनामा आधी की जी परमिट आधी?

पत्र

ताई, आम्ही दोघं मूळचे सांगलीचे. 1 ऑगस्ट 2024 पासून मी जर्मनीत ब्लू कार्डवर नोकरी करते. आधी श्टुटगार्टला होतो, गेल्या ऑक्टोबरच्या मध्यावर ल्योराखला राहायला आलो. नवरा फ्रायबुर्गला कामाला आहे, तोही ब्लू कार्डवरच. मी जर्मन बी1 पास झाले आहे. आता सीमेपलीकडच्या, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या एका औषध कंपनीची ऑफर आली आहे, पगार जवळपास दीडपट. 1 जूनला रुजू व्हायचं आहे. एचआर म्हणते, "तुम्ही सीमेवरच राहता, सीमेपलीकडून कामाला येणाऱ्यांचं जी परमिट काही आठवड्यांत होतं, तुम्ही राजीनामा देऊन टाका." माझा नोटीस पीरियड दोन महिन्यांचा, म्हणजे मार्चअखेर राजीनामा द्यायला हवा. ऑफिसातले जर्मन सहकारीही म्हणतात की काही अडचण येत नाही. पण मनात धाकधूक आहे. काय करू?

— एक वाचक, ल्योराख

उत्तर

मार्चअखेर राजीनामा देऊ नका. बाकी सगळं शांतपणे बोलू, पण तारीख डोक्यावर आहे म्हणून हे आधी सांगते. आजच्या घडीला तुम्हाला जी परमिट मिळू शकत नाही. राजीनामा दिलात तर बाझेलची नोकरी सुरू होणार नाही, जर्मनीतली संपलेली असेल, आणि जिच्यावर ब्लू कार्ड उभं आहे ती नोकरीच गेल्यामुळे जर्मनीतलं राहणंही अडचणीत येईल. हातचं सोडून पळत्याच्या पाठी, असं व्हायला नको.

एचआर खोटं बोलत नाहीये, सहकारीही नाहीत. ते त्यांचा अनुभव सांगताहेत. स्वित्झर्लंडमध्ये सुमारे 4 लाख माणसं रोज शेजारच्या देशांतून कामाला येतात, त्यातली निम्म्याहून जास्त फ्रान्समधून. त्यांच्यातले बहुतेक युरोपियन युनियनचे नागरिक असतात. त्यांना हे परमिट 2002 साली लागू झालेल्या मुक्त संचाराच्या करारामुळे हक्कानं मिळतं. कामाचा करार दाखवायचा, अर्ज भरायचा, आणि करार एक वर्षाहून मोठा असेल तर परमिट थेट पाच वर्षांचं. राहण्याची जागा सीमापट्ट्यातच हवी ही अटही त्यांच्यासाठी कधीच गेली. एचआरच्या टेबलावरून असे शेकडो अर्ज गेले असतील. तुमचा अर्ज त्या वाटेनं जात नाही, कारण तुमचा पासपोर्ट भारतीय आहे. कार्डावर अक्षर तेच 'जी', पण त्यामागचा कायदा वेगळा.

तुम्हाला लागू होतो तो स्विस परदेशी नागरिक कायदा, त्याचं कलम 25. त्यात दोन गोष्टी मागितल्या आहेत. पहिली, शेजारच्या देशात तुमचा कायमस्वरूपी वास्तव्याचा हक्क असला पाहिजे आणि त्या देशाच्या सीमापट्ट्यात तुम्ही किमान सहा महिने राहत असला पाहिजेत. दुसरी, काम स्वित्झर्लंडच्या सीमापट्ट्यात असलं पाहिजे. बाझेल सीमापट्ट्यात आहे, ल्योराखही आहे. सहा महिने तुमचे एप्रिलच्या मध्याला पूर्ण होतात. त्यासाठी नगरपालिकेतून 'एरवायटर्टे मेल्डेबेशायनिगुंग' म्हणजे विस्तारित नोंदणी दाखला घ्या. साध्या दाखल्यावर कधीकधी नुसता पत्ता येतो. ल्योराखला कधी राहायला आलात ती तारीख छापून आली आहे ना, हे खिडकीवरच बघून घ्या.

गाडं अडतं ते 'कायमस्वरूपी' या शब्दाशी. ब्लू कार्ड कितीही प्रतिष्ठेचं असलं तरी त्याला मुदत असते, आणि ते जर्मनीतल्या नोकरीसाठी दिलेलं असतं. ते कायमस्वरूपी नाही. नवऱ्याच्या आधारावर कुटुंब म्हणून मिळणारं वास्तव्याचं कार्डही कायमस्वरूपी नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण पुष्कळ जणी विचारतात, "नोकरी सोडून नवऱ्याच्या कार्डावर गेले तर?" जर्मनीत राहता येईल, पण जी परमिटसाठी त्याचा उपयोग शून्य. लागते ती 'नीडरलासुंग्सएरलाउब्निस', म्हणजे जर्मनीचं कायम वास्तव्याचं कार्ड, किंवा त्याचंच युरोपियन भावंड 'डाउअरआउफेंटहाल्ट-ईयू'.

आता चांगली बातमी. ते कार्ड तुमच्यापासून फार लांब नाही. ब्लू कार्डवाल्यांना ते 27 महिन्यांच्या नोकरीनंतर मिळतं (नोव्हेंबर 2023 पूर्वी 33 लागायचे), आणि जर्मन बी1 असेल तर 21 महिन्यांनी. तुमची नोकरी 1 ऑगस्ट 2024 ची. म्हणजे 2024 चे पाच महिने, 2025 चे बारा, आणि या वर्षीचे जानेवारी ते एप्रिल चार. 30 एप्रिलला 21 पूर्ण. तुम्ही मोजलेली राजीनाम्याची तारीख आणि तुमचा हक्क उभा राहण्याची तारीख यांत फक्त एका महिन्याचं अंतर आहे. एवढ्याशा अंतरासाठी सगळं पणाला लावू नका.

महिने मोजताना एक बारकी गोष्ट आहे, तिथं लोक अडतात. हे 21 महिने नुसत्या नोकरीचे नाहीत, पेन्शनचे हप्तेही तेवढे भरलेले दिसले पाहिजेत. त्यासाठी 'डॉयचे रेंटनफरझिशरुंग' या पेन्शन संस्थेकडून 'फरझिशरुंग्सफरलाउफ' म्हणजे भरलेल्या हप्त्यांचा उतारा मागवायचा. कागद हातात आला की दिसतं, नोंदी 31 डिसेंबर 2025 ला थांबल्या आहेत. सतराच महिने! घाबरायचं कारण नाही. कंपनी वर्षाची नोंद एकदाच, पुढच्या वर्षीच्या सुरुवातीला पाठवते, त्यामुळे चालू वर्षाचे महिने त्या कागदावर येतच नाहीत. जानेवारी ते एप्रिलच्या चार पगारपावत्या त्याला जोडायच्या, प्रत्येकीवर 'आरव्ही' या रकान्यात पेन्शनची कपात दिसते. सतरा आणि चार, एकवीस. एप्रिलची पावती हातात आली की अर्ज पूर्ण होतो. हे आधी माहीत नसेल तर माणूस पुढच्या फेब्रुवारीपर्यंत उगाच थांबतो.

दुसरा कागद म्हणजे 'लेबेन इन डॉयचलांड' ही परीक्षा. या कार्डासाठी जर्मनीच्या कायद्याची आणि समाजव्यवस्थेची प्राथमिक माहिती दाखवावी लागते, आणि ती बहुतेक जण या परीक्षेनं दाखवतात. 33 प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, वेळ एक तास. प्रश्न आधीच जाहीर असलेल्या संचातले असतात, आठवडाभर संध्याकाळी बसलात तरी होईल. अवघड परीक्षा नाही, अवघड आहे तारीख मिळणं आणि नंतर निकालाची वाट बघणं. तुमच्या पत्रात या परीक्षेचा उल्लेख नाही, म्हणून मला शंका आहे की राहिली असेल. बी1 चा कागद असला की सगळं झालं, असं पुष्कळांना वाटतं.

आउसलेंडरबेहर्डे या परदेशी नागरिकांच्या ऑफिसाची अपॉइंटमेंट मात्र आजच मागा, एप्रिल संपायची वाट बघू नका. अर्जाला किती वेळ लागेल हे ऑफिसावर आहे, काही आठवडे लागतील किंवा काही महिने. तेवढा काळ आताची नोकरी चालू राहिली पाहिजे, कारण त्या नोकरीच्या पगारावरच तुमचा उदरनिर्वाह तपासला जातो. पुढे काय करणार असं कुणी विचारलं तर खरं तेच सांगा. कार्ड मिळाल्यावर ते कुठल्याही एका नोकरीला बांधलेलं नसतं; घर ल्योराखलाच ठेवून तुम्ही बाझेलला कामाला गेलात तर ते सुरक्षित राहतं. याउलट, ब्लू कार्डवर असताना नोकरी सुटली तर ते ऑफिसला दोन आठवड्यांत कळवावं लागतं आणि कार्डाची मुदत कमी केली जाऊ शकते. म्हणून क्रम असा ठेवा: जर्मन कार्ड हातात, मग स्विस अर्ज, मग स्विस मंजुरी हातात, मग राजीनामा. यातली एकही पायरी नुसत्या "होऊन जाईल"वर चढू नका.

स्विस अर्ज तुम्ही नाही, कंपनी करते. इथं तिसरा अडथळा आहे आणि तो तुमच्या हातात नाही, म्हणून त्याबद्दल एचआरशी आत्ताच बोला. तुमच्यासारख्यांच्या बाबतीत कंपनीला दाखवावं लागतं की या जागेसाठी स्वित्झर्लंडमध्ये किंवा युरोपियन युनियनमध्ये योग्य माणूस शोधला आणि मिळाला नाही; शिवाय पगार त्या भागातल्या, त्या कामाच्या नेहमीच्या पगाराएवढा हवा. शोध घेतल्याचे पुरावे लागतात: जाहिरात कुठं दिली, किती दिवस होती, कोण अर्जदार आले, ते का बसले नाहीत. जाहिरात न देताच तुम्हाला ओळखीतून घेतलं असेल तर हे पुरावे नसतील. मी ओळखत असलेल्या एका मुलाचं नेमकं हेच झालं. कायमचं कार्ड होतं, सीमेलगतच्या वील गावात चार वर्षं राहत होता, सगळं बिनचूक, पण कंपनीनं जागेची जाहिरातच दिली नव्हती. अर्ज नामंजूर झाला. नशीब, त्यानं राजीनामा दिला नव्हता.

एक दिलासा असा की स्वित्झर्लंडमध्ये राहायला जाणाऱ्या युरोपबाहेरच्या लोकांसाठी दरवर्षी जो कोटा असतो, तो सीमेपलीकडून रोज येणाऱ्यांना लागू होत नाही. एचआरला हे बहुधा माहीत नसेल, सांगा. तुम्हाला मेल लिहायचा असेल तर त्यात एवढंच असू द्या: "मी भारतीय नागरिक आहे, मला मुक्त संचाराचा करार लागू नाही. माझ्या जी परमिटसाठी कलम 25 प्रमाणे जर्मनीतलं कायम वास्तव्याचं कार्ड लागतं, त्यासाठी मी मे महिन्यात पात्र होते. कृपया रुजू होण्याची तारीख परमिट मिळण्यावर अवलंबून ठेवावी आणि या जागेसाठी स्वित्झर्लंड व युरोपियन युनियनमध्ये घेतलेल्या शोधाचे पुरावे आपल्याकडे आहेत का ते कळवावं." करारात 'परमिट मिळाल्यावरच लागू' असं वाक्य घालून घ्या. मोठ्या कंपन्यांना ते नवीन नसतं.

तोवर रीहेनमार्गे एस6 लोकलनं बाझेलला जायला, मुलाखत द्यायला, टीमला भेटायला काही हरकत नाही. जर्मन कार्ड आणि भारतीय पासपोर्ट जवळ ठेवा. पण "दोन दिवस येऊन काम बघून जा" असं कुणी म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. परमिटशिवाय केलेलं काम हे बेकायदा कामच असतं, पगार घेतला काय आणि न घेतला काय.

परमिट मिळेल ते सहसा एक वर्षाचं आणि ज्या कँटननं, म्हणजे स्विस राज्यानं, दिलं त्याच्याच सीमापट्ट्यापुरतं असेल, पाच वर्षांचं नाही. नोकरी बदलायची झाली तरी परवानगी लागेल आणि तो शोधाचा मुद्दा पुन्हा येईल. सलग पाच वर्षं काम झाल्यावर मात्र नूतनीकरण आणि नोकरी बदलणं हा तुमचा हक्क होतो. त्याच सुमाराला जर्मन नागरिकत्वाचाही प्रश्न दारात उभा राहील, कारण आता पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो. जर्मन पासपोर्ट असेल तर हे सगळे अडथळे एका दिवसात नाहीसे होतात, पण भारताचं नागरिकत्व जातं. तो निर्णय परमिटसाठी घेऊ नका, तो घरात बसून, आईवडिलांशी बोलून घ्यायचा आहे.

आता पैशांचं. दीडपट पगार म्हणता, त्याचा हिशेब नीट करा. जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्यात 1971 चा करविषयक करार आहे. त्यानुसार रोज घरी परतणाऱ्याच्या पगारावर स्वित्झर्लंड फक्त 4.5 टक्के कर कापतं, आणि खरा कर जर्मनी घेते, कापलेले 4.5 टक्के त्यातून वजा होतात. हे पासपोर्टवर अवलंबून नाही, तुम्हालाही लागू होतं. पण त्यासाठी 'ग्रे-1' नावाचा फॉर्म ल्योराखच्या फिनान्झआम्टकडून, म्हणजे करकार्यालयाकडून, शिक्का मारून आणून कंपनीला द्यावा लागतो. तो वेळेत नाही पोचला तर पूर्ण स्विस दरानं कपात होते.

महिन्याला 8,000 फ्रँक पगार धरला तर 4.5 टक्के म्हणजे 360 फ्रँक. पेन्शन वगैरे स्विस कपाती होऊन बाकी सगळे खात्यात येतात, आणि माणसाला वाटतं आपण श्रीमंत झालो. मलाही वाटलं होतं. पहिल्या वर्षी आम्ही त्यातून भारतवारी केली, सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं, सोफा घेतला. दुसऱ्या वर्षी जर्मन कराची मागणी आली, गेल्या पूर्ण वर्षाची, आणि त्याच पत्रात चालू वर्षाचे आगाऊ हप्तेही: 10 मार्च, 10 जून, 10 सप्टेंबर, 10 डिसेंबर. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते पत्र दोन दिवस तसंच पडून होतं, आम्ही दोघंही त्याला हात लावत नव्हतो. तुम्ही पहिल्या पगारापासून तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाका आणि पहिलं करनिर्धारण येईपर्यंत त्याला हात लावू नका. जास्त झालं तर शिल्लक राहील.

घरी परतण्याचे दोन नियम आहेत आणि लोक ते एकमेकांत मिसळतात. परमिटसाठी आठवड्यातून किमान एकदा जर्मनीतल्या घरी परतणं पुरतं. करासाठी मात्र कामामुळे घरी न परतलेले दिवस वर्षाला 60 पेक्षा जास्त होता कामा नयेत. बाझेलमध्ये खोली घेऊन शुक्रवारी घरी आलात तर परमिट टिकेल, पण 4.5 टक्क्यांची सोय जाईल. कामानिमित्तचे मुक्कामी दौरेही या 60 मध्ये मोजले जातात. वहीत तारखा लिहून ठेवा, कारण वर्षाच्या शेवटी 60 ओलांडले की नाही हे कंपनीला फॉर्मवर लिहून द्यावं लागतं.

आजारपणाच्या विम्याबद्दल सहकाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. ते सांगतील, "तीन महिन्यांत जर्मन किंवा स्विस विमा निवडायचा, संपलं." ते त्यांच्यासाठी बरोबर आहे. पण स्वित्झर्लंड आणि युरोपियन युनियन यांच्यातले सामाजिक सुरक्षेचे समन्वयाचे नियम त्यांच्या नागरिकांसाठी आहेत. भारतीय नागरिक त्यात येत नाही. घरून काम 49.9 टक्क्यांपर्यंत चालतं, बेकार झालो तर भत्ता राहत्या देशात मिळतो, ही ऑफिसात ऐकू येणारी वाक्यंही त्याच नियमांवर उभी आहेत. तुम्ही राजीनामा देण्याआधी तुमच्या क्रांकनकासेला, म्हणजे आजारपणाच्या विमा संस्थेला, लिहून विचारा: "मी भारतीय नागरिक, कायम वास्तव्याचं कार्ड, राहणार ल्योराखला, नोकरी फक्त स्वित्झर्लंडमध्ये. माझा विमा कोणत्या प्रकारे चालू राहील आणि हप्ता किती?" जर्मन नोकरी संपली की तिच्याबरोबरचा अनिवार्य विमा संपतो, आणि स्वित्झर्लंडमध्ये कंपनी आजारपणाच्या विम्याचा निम्मा हप्ता भरत नाही. बाझेलच्या कंपनीलाही घरून कामाबद्दल असंच लिहून विचारा. फोनवर मिळालेलं उत्तर धरू नका, कागदावरचंच धरा. ही दोन उत्तरं हातात आल्याशिवाय दीडपट पगार खरोखर किती पट आहे हे कळणार नाही.

कंपनी थांबायला तयार नसेल तर ते तुम्हाला बाझेलमध्येच राहायला या, तिथं राहण्याचं बी परमिट करू असं सुचवतील. तो रस्ता आहे, पण त्याला कोटा लागतो, शोधाचे पुरावे तसेच लागतात, आणि जर्मनीतून कायमचं हललं की इथं मिळवलेलं वास्तव्य सुटतं. नवऱ्याची नोकरी फ्रायबुर्गला असताना मी तरी त्या वाटेला जाणार नाही. माझ्या मते सप्टेंबर किंवा नोव्हेंबरची तारीख मागा. ज्यांना तुम्ही खरंच हव्या आहात ते देतील.

सोमवारी सकाळी पहिला फोन मात्र ल्योराखच्या फोल्क्सहोखशूले या प्रौढशिक्षण केंद्राला करा आणि 'लेबेन इन डॉयचलांड'ची पुढची मोकळी तारीख विचारा. तिथं नसेल तर फ्रायबुर्गला विचारा, परीक्षा कुठल्याही गावात दिली तरी चालते.